विश्लेषण : खोकल्याचे सिरप आणि नैराश्याची गोळी एकत्र घेताना सावध का राहावे?

मध्य प्रदेशातील छिंदवाड्यात २०२५च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये विषारी सिरपमुळे मुले दगावली. त्यातील काही मुलांवर नागपुरात उपचार सुरू होते. त्यानंतर आपल्याकडे बाटलीवरचा बॅच क्रमांक पाहण्याची सवय अनेकांना लागली. ‘डायएथिलीन ग्लायकॉल’ हे अवघड नाव घरोघरी पोहोचले. ते प्रकरण भेसळीचे होते. मात्र, प्रयोगशाळेतील प्रत्येक चाचणी उत्तीर्ण झालेले, मुदतीतले, नामांकित कंपनीचे सिरपही एखाद्याच्या अंगावर येऊ शकते. त्याचे कारण बाटलीत सापडत नाही. ते त्याच घरातल्या औषधाच्या डब्यात, दुसऱ्या एका पाकिटात असते. कोरड्या खोकल्याच्या बहुसंख्य सिरपमध्ये असणारे डेक्स्ट्रोमेथॉर्फन आणि नैराश्यावरच्या, चिंतेवरच्या गोळ्या यांचा संबंध असा आहे. औषध दुकानाच्या काउंटरवर त्याविषयी जवळजवळ कुणीच विचारत नाही आणि रुग्णही सांगत नाही.

डेक्स्ट्रोमेथॉर्फन नेमके काय करते?

खोकला ही शरीराची प्रतिक्षिप्त क्रिया आहे. घशातून किंवा श्वासनलिकेतून संदेश निघतो, तो मेंदूच्या देठात पोहोचतो आणि तिथून खोकण्याचा हुकूम सुटतो. डेक्स्ट्रोमेथॉर्फन याच ठिकाणी काम करते आणि खोकल्याचा उंबरठा वर नेते. म्हणजे हे औषध घशाला आराम देत नाही, कफ पातळ करत नाही आणि जंतूही मारत नाही. ते मेंदूवर काम करणारे औषध आहे. अमेरिकेत त्याला १९५८ मध्ये मान्यता मिळाली. कोडीनसारखे व्यसन न लावणारा पर्याय म्हणून ते जगभर पसरले.

मेंदूत गेल्यावर ते फक्त खोकल्याच्या केंद्रापाशी थांबत नाही. सेरोटोनिन नावाचे एक रसायन चेतापेशी एकमेकींना निरोप देण्यासाठी वापरतात. निरोप पोहोचला की ते परत शोषून घेतले जाते. हे परत शोषून घेणे डेक्स्ट्रोमेथॉर्फन काही प्रमाणात रोखते. नैराश्यावरील सर्वाधिक दिल्या जाणाऱ्या गोळ्या, म्हणजे एसिटालोप्रॅम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन, पॅरोक्सेटिन, नेमके हेच काम करतात, आणि कितीतरी अधिक ताकदीने करतात. दोन्ही एकत्र आली की सेरोटोनिनचा जोर वाढतो. एकाच नळाला दोन ठिकाणांहून पाणी सोडावे तसे हे आहे. पण खरा पेच याच्या पुढचा आहे.

यकृतातील कोंडी कशी होते?

पोटात गेलेले डेक्स्ट्रोमेथॉर्फन यकृतातील ‘सीवायपी२डी६’ नावाचे एन्झाइम मोडून टाकते. ज्याचे हे एन्झाइम नीट चालते, त्याच्या रक्तातील औषध दोन ते चार तासांत निम्मे होते. म्हणून तर सिरप दिवसातून तीन-चार वेळा घ्यावे लागते. काही थोड्या लोकांत हे एन्झाइम जन्मतःच निकामी असते. त्यांच्या शरीरात तेवढेच औषध निम्मे व्हायला जवळपास दिवस लागतो. त्यांना एरवी कसलाही त्रास नसतो, त्यामुळे ही गोष्ट त्यांना ठाऊकही नसते.

आता मुद्द्याची गोष्ट. पॅरोक्सेटिन, फ्लुओक्सेटिन आणि ब्युप्रोपिऑन या गोळ्या हेच एन्झाइम घट्ट अडवून धरतात. ड्युलॉक्सेटिनही ते बऱ्यापैकी अडवते. म्हणजे ज्याचे एन्झाइम जन्मतः उत्तम आहे, असा माणूसही या गोळ्या सुरू असेपर्यंत ‘निकामी एन्झाइमवाला’ होतो. बाटलीवरचा डोस ठरवताना हा माणूस कुणी धरलेला नसतो.

ही कल्पना पुस्तकी नाही, याचा पुरावा औषध उद्योगानेच दिला आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ऑगस्ट २०२२ मध्ये नैराश्यावरील एका नव्या गोळीला मान्यता दिली. तिच्यात ४५ मिलिग्रॅम डेक्स्ट्रोमेथॉर्फन आणि १०५ मिलिग्रॅम ब्युप्रोपिऑन आहे. ब्युप्रोपिऑन तिथे मुद्दाम घातले आहे. त्याने एन्झाइम अडवावे आणि एरवी झपाट्याने नाहीसे होणारे डेक्स्ट्रोमेथॉर्फन रक्तात टिकावे, यासाठी. खोकल्याच्या औषधाचे असे मेंदूच्या औषधात रूपांतर होते. तिथे ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, मोजून-मापून, रक्तदाब तपासून दिले जाते. आपल्याकडे तीच रासायनिक मांडणी कोपऱ्यावरच्या दुकानात नकळत जुळून येते आणि तिला कुणी औषधोपचार म्हणतही नाही.

साठ मिलिग्रॅमचा हिशेब

एक उदाहरण घेऊ. नाव काल्पनिक, परिस्थिती रोजची. सुमनताई ५४ वर्षांच्या. घाबरल्यासारखे होणे, छातीत धडधड, मरणाची भीती या त्रासावर त्यांना दोन वर्षांपासून रात्री पॅरोक्सेटिन २५ मिलिग्रॅमची दीर्घकाळ परिणाम करणारी गोळी सुरू आहे. गुण आला आहे. घरात तिला ‘आईची टेन्शनची गोळी’ म्हणतात. नोव्हेंबरात सर्दी झाली आणि कोरडा खोकला लागला. मुलगा दुकानात गेला. दुकानदाराने विचारले, ‘‘कोरडा की ओला?’’ मुलगा म्हणाला, ‘‘कोरडा.’’ सिरप मिळाले. दुसरा प्रश्न कुणी विचारला नाही.

अशा सिरपच्या ५ मिलिलिटरमध्ये साधारणपणे १० मिलिग्रॅम डेक्स्ट्रोमेथॉर्फन असते. दोन चमचे, म्हणजे १० मिलिलिटर, दिवसातून तीनदा, असा सल्ला मिळाला. एका वेळी २० मिलिग्रॅम, दिवसाला ६० मिलिग्रॅम. प्रौढांसाठी दिवसाची कमाल मर्यादा १२० मिलिग्रॅम मानली जाते. कागदावर सुमनताई मर्यादेच्या अर्ध्यावर आहेत. दुकानदाराचे काही चुकले असे म्हणता येणार नाही.

पण हिशेब पुढे नेऊ. एन्झाइम नीट चालत असते, तर सकाळच्या २० मिलिग्रॅमपैकी दुपारच्या डोसच्या वेळी जेमतेम दोन-तीन मिलिग्रॅम उरले असते. रात्रीतून पाटी जवळपास कोरी झाली असती. सुमनताईंचे एन्झाइम पॅरोक्सेटिनने अडवले आहे. समजा, त्यांच्या शरीरात औषध निम्मे व्हायला एक दिवस लागतो. मग पहिल्या दिवसाच्या ६० पैकी सुमारे ३० दुसऱ्या दिवशी शिल्लक असते. त्यात नवे ६० पडले की ९० होते. त्याचे निम्मे ४५ तिसऱ्या दिवशी उरते आणि नव्या ६० सह आकडा १०५ वर जातो. असेच चालले तर तो १२० च्या आसपास स्थिरावतो. हा ढोबळ हिशेब आहे. प्रत्येक शरीरात तो थोडा वेगळा असेल. पण दिशा हीच राहील. चमचे तेवढेच असतात आणि शरीरातला साठा दिवसागणिक चढत जातो. म्हणूनच पहिल्या दिवशी ‘काही झाले नाही’ हा दिलासा इथे कामाचा नाही. त्रास तिसऱ्या दिवशीही सुरू होऊ शकतो.

इथे समतोल राखायला हवा. नैराश्याच्या गोळीवर असताना नकळत एखादा चमचा सिरप घेतलेल्या बहुतेकांना काहीही होत नाही. गंभीर प्रसंग प्रामुख्याने जास्त डोस घेणाऱ्यांत किंवा सेरोटोनिन वाढवणारी दोन-तीन औषधे एकत्र आलेल्यांत दिसतात. तरीही नेहमीच्या वापरात असे घडल्याच्या नोंदी आहेत. पॅरोक्सेटिन घेणाऱ्या आणि दुकानातून सर्दीचे औषध घेतलेल्या एका रुग्णात सेरोटोनिनचा अतिरेक झाल्याची नोंद अमेरिकेतील आपत्कालीन वैद्यकाच्या नियतकालिकात १९९४ मध्येच प्रसिद्ध झाली होती. घबराट पसरवणे हा या लेखाचा हेतू नाही. पण जो धोका एका प्रश्नाने टळतो, तो दुर्मीळ आहे म्हणून पत्करत राहणे शहाणपणाचे नाही.

तापच वाढला, की दुसरे काही?

सेरोटोनिनचा अतिरेक झाला की दिसणारे चित्र फसवे असते. घाम सुटतो, अंग गरम लागते, हात थरथरतात, छाती धडधडते, जुलाब होतात, जीव कासावीस होतो. घरात आधीच सर्दी-खोकल्याचा रुग्ण आहे. घरच्यांना वाटते, ‘व्हायरल वाढला.’ मग तापाची आणखी एक गोळी आणि सिरपचा आणखी एक डोस दिला जातो. ज्याने आग लागली तेच पुन्हा ओतले जाते.

फरक ओळखण्याच्या काही खुणा आहेत. साध्या तापात माणूस मलूल होतो, पांघरूण घेऊन पडून राहतो. सेरोटोनिन वाढलेल्या माणसाला एका जागी बसवत नाही, तो येरझाऱ्या घालतो. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या दिसतात. थरथर आणि स्नायूंचे झटके हातांपेक्षा पायांत जास्त असतात. डॉक्टर रुग्णाचे पाऊल झटकन वरच्या दिशेला दाबून धरतात. तेव्हा घोट्यापाशी पाऊल आपोआप, लयीत, टकटक हलत राहिले, तर ती मोठी खूण मानली जाते. वेळही बोलकी असते. नवे औषध सुरू केल्यानंतर किंवा डोस वाढवल्यानंतर काही तासांत, बहुधा २४ तासांच्या आत ही लक्षणे उमटतात. साठा हळूहळू चढत असेल, तर मात्र त्याला उशीर लागू शकतो.

या अवस्थेचे निदान करणारी रक्तचाचणी नाही. निदान होते ते तपासणीवरून आणि ‘काय काय औषध घेतले’ या उत्तरावरून. म्हणून रुग्णालयात जाताना सिरपची बाटली आणि सगळी पाकिटे पिशवीत घालून न्यावीत. ‘साधे खोकल्याचे औषध होते, ते काय सांगायचे’ असे म्हणून ते वगळले, तर डॉक्टर मेंदूज्वरापासून थायरॉइडपर्यंत दहा गोष्टी शोधत बसतील. उपचार सुरुवातीला सरळ असतात. कारण ठरलेली औषधे थांबवणे, शिरेतून द्रव देणे, स्नायू आणि मन शांत करणारी औषधे, अंग थंड ठेवणे आणि गरज भासल्यास सेरोटोनिनला विरोध करणारे औषध. इथे पॅरासिटामॉलचा फारसा उपयोग होत नाही, कारण ही उष्णता स्नायूंच्या अखंड हालचालीतून आलेली असते. वेळीच ओळखले तर बहुतेक रुग्ण दिवसभरात सावरतात. उशीर झाला, स्नायू ताठरले, अंगाचे तापमान खूप चढले तर मात्र जीवावर बेतते.

सगळ्या गोळ्यांचा धोका सारखा आहे का?

नाही. साधारण तीन पायऱ्या करता येतील. सर्वांत वरच्या पायरीवर मोनोअमाइन ऑक्सिडेज अडवणारी औषधे आहेत. नैराश्यासाठी ती आता क्वचितच दिली जातात, पण पार्किन्सन्सच्या रुग्णांना दिली जाणारी सेलेजिलिन आणि रासाजिलिन ही त्याच गटातली आहेत. यांच्याबरोबर डेक्स्ट्रोमेथॉर्फन घ्यायचेच नाही. ती बंद केल्यानंतरही १४ दिवस थांबावे लागते.

दुसऱ्या पायरीवर फ्लुओक्सेटिन, पॅरोक्सेटिन, ब्युप्रोपिऑन आणि ड्युलॉक्सेटिन. यातील ब्युप्रोपिऑन वगळता बाकीच्या गोळ्या दोन्ही बाजूंनी काम करतात. सेरोटोनिन वाढवतात आणि एन्झाइमही अडवतात. ब्युप्रोपिऑन सेरोटोनिन वाढवत नाही, पण डेक्स्ट्रोमेथॉर्फनचा साठा वाढवते. फ्लुओक्सेटिनची आणखी एक खोड आहे. ते शरीरातून फार सावकाश जाते. गोळी बंद करून महिना झाला, तरी तिचा अंमल पूर्ण उतरलेला नसतो. ‘ती गोळी मी मागच्याच महिन्यात सोडली’ हे उत्तर म्हणूनच पुरेसे नाही.

तिसऱ्या पायरीवर एसिटालोप्रॅम, सर्ट्रालिन, व्हेन्लाफॅक्सिन. नेहमीच्या डोसमध्ये ही औषधे एन्झाइम फारसे अडवत नाहीत. त्यामुळे साठा तसा चढत नाही. पण सेरोटोनिनची बेरीज होतेच. डोस मोठा असेल किंवा सोबत ट्रामाडॉलसारखी वेदनाशामक गोळी असेल, तर ही पायरी वरच्या पायरीइतकीच निसरडी होते.

क्षयरोगाचा उल्लेख इथे वेगळा करायला हवा. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगावरील सहा महिन्यांच्या नव्या उपचारपद्धतीत लिनेझोलिड हे औषध आहे. ते मोनोअमाइन ऑक्सिडेजला सौम्यपणे अडवते. निरोगी व्यक्तींना लिनेझोलिड आणि डेक्स्ट्रोमेथॉर्फन एकत्र देऊन पाहिले तेव्हा सेरोटोनिनचा अतिरेक दिसला नाही, हेही सांगायला हवे. मात्र, क्षयरुग्णाला खोकला असतोच, दीर्घ आजारात अनेकांना नैराश्याची गोळीही सुरू होते. लिनेझोलिड, नैराश्याची गोळी आणि वर सिरप असे त्रिकूट जमले की हिशेब बदलतो. अशा रुग्णाने सिरपसाठी दुकानात न जाता आपल्या उपचार केंद्रातच विचारावे.

मिश्र सिरपची वेगळी अडचण

बाजारात नुसते डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेली बाटली शोधावी लागते. मिळते ते मिश्रण. एक प्रचलित सूत्र असे आहे. ५ मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम डेक्स्ट्रोमेथॉर्फन, ५ मिलिग्रॅम फेनिलेफ्रिन आणि २ मिलिग्रॅम क्लोरफेनिरामिन. सुमनताईंच्या मुलाने याच्याबरोबर ‘सर्दीची गोळी’ही आणली असे समजा. तिच्यात पॅरासिटामॉलसोबत १० मिलिग्रॅम फेनिलेफ्रिन आणि २ मिलिग्रॅम क्लोरफेनिरामिन आहे. सिरप आणि गोळी दोन्ही तीनदा घेतली, की दिवसाला ६० मिलिग्रॅम फेनिलेफ्रिन आणि १८ मिलिग्रॅम क्लोरफेनिरामिन पोटात गेले. फेनिलेफ्रिनची दिवसाची कमाल मर्यादा ६० मिलिग्रॅमच आहे. दोन वेगळी औषधे घेतली असे घरच्यांना वाटते. प्रत्यक्षात दोन घटक दुबार गेलेले असतात.

यातील प्रत्येक घटकाचे नैराश्याच्या औषधांशी वेगळे नाते आहे. क्लोरफेनिरामिनने झोप येते, तोंड कोरडे पडते, लघवी अडते. ॲमिट्रिप्टिलीनसारख्या जुन्या गोळ्यांनीही नेमके हेच होते. साठीच्या पुढचा माणूस दोन्ही घेऊन रात्री लघवीला उठला तर पडण्याची भीती असते. शिवाय क्लोरफेनिरामिनचा निचराही काही अंशी त्याच अडवलेल्या एन्झाइमवर अवलंबून असतो. फेनिलेफ्रिन रक्तवाहिन्या आकुंचित करते. व्हेन्लाफॅक्सिन आणि ड्युलॉक्सेटिन रक्तदाब वाढवू शकतात, त्यात ही भर पडते. आणि ज्यासाठी हा धोका पत्करायचा, ते चोंदलेले नाक मोकळे करण्याचे काम तोंडावाटे घेतलेले फेनिलेफ्रिन करतच नाही, असा निष्कर्ष अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने सप्टेंबर २०२३ मध्ये काढला. नोव्हेंबर २०२४ मध्ये तेथील प्रशासनाने ते यादीतून काढण्याचा प्रस्तावही मांडला.

मिश्रणांविषयीची शंका आपल्या सरकारलाही आली आहे. जून २०२३ मध्ये केंद्राने १४ निश्चित मात्रेच्या मिश्रणांवर बंदी घातली. त्यात खोकल्याची अनेक होती आणि काहींत डेक्स्ट्रोमेथॉर्फन होते. उपचाराच्या दृष्टीने त्यांचे समर्थन होत नाही, हे कारण दिले गेले. डिसेंबर २०२३ मध्ये क्लोरफेनिरामिन-फेनिलेफ्रिनचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा इशारा वेष्टनावर छापण्याचा आदेश निघाला. लहान मुलांसाठी इशारा छापता येतो, तर नैराश्याची गोळी घेणाऱ्या प्रौढांसाठी का नाही?

याहून मोठा घोळ नावांचा आहे. एकाच ब्रँडच्या नावाखाली कफ पातळ करणारे सिरप असते आणि कोरडा खोकला दाबणारे डेक्स्ट्रोमेथॉर्फनचेही असते. फरक असतो शेवटच्या एक-दोन इंग्रजी अक्षरांचा. मागच्या वेळी डॉक्टरांनी पहिले लिहून दिले, ते मानवले. या वेळी आठवणीतून मागितले, आणि त्याच नावाचे दुसरे हातात पडले. रुग्ण शपथेवर सांगेल, ‘हेच औषध मी मागेही घेतले होते.’ म्हणून ब्रँडचे नाव पाहून भागत नाही. बाटलीच्या मागे बारीक अक्षरांत घटकांची यादी असते. मोबाइलने तिचा फोटो काढावा, मोठा करून वाचावा आणि त्यात डेक्स्ट्रोमेथॉर्फन हायड्रोब्रोमाइड आहे का, ते पाहावे.

‘झोपेची गोळी’ म्हणून दडलेले औषध

‘तुम्हाला नैराश्याची गोळी सुरू आहे का?’ असे विचारले तर अनेक जण प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतील. कारण त्यांना ती नैराश्यासाठी दिलेलीच नसते. मधुमेहामुळे तळपायांची आग होते म्हणून ड्युलॉक्सेटिन दिले जाते. अर्धशिशीसाठी किंवा झोपेसाठी ॲमिट्रिप्टिलीन दिले जाते. सिगारेट सुटावी म्हणून ब्युप्रोपिऑन दिले जाते आणि धूम्रपान करणाऱ्याला खोकला तर असतोच. पोटाच्या तक्रारी, मंत्रचळ, रजोनिवृत्तीतील गरम वाफा अशा कारणांसाठीही हीच औषधे वापरली जातात. दुसऱ्या बाजूला, ज्यांना खरोखर नैराश्यासाठीच गोळी सुरू आहे, ते चार माणसांत, दुकानाच्या काउंटरवर ते बोलत नाहीत. शेजारी ओळखीचे कुणी उभे असेल, ही धास्ती असते. त्यामुळे प्रश्न असा हवा: ‘रोजची कुठली गोळी सुरू आहे? पाकीट किंवा फोटो दाखवता का?’ यात आजाराचे नाव येत नाही. माहिती मात्र पूर्ण मिळते.

मग खोकल्यावर घ्यायचे काय?

सर्दीचा खोकला बहुधा दोन-तीन आठवड्यांत आपणहून जातो. तो दाबणारी दुकानातली औषधे फार गुणकारी आहेत, असा भक्कम पुरावा नाही. प्रौढांना रात्री चमचाभर मध, कोमट पाणी, मिठाच्या गुळण्या, उशाला थोडी उंची यांनी बराच आराम पडतो. मधुमेह असेल तर मधाचा हिशेब साखरेत धरावा. कफ पडत असेल तर खोकला दाबूच नये. तो कफ बाहेर पडायलाच हवा. औषध लागलेच तर सेरोटोनिनशी संबंध नसलेले, एकच घटक असलेले औषध डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला असेल तर सिरप बदलत बसण्यापेक्षा थुंकीची तपासणी करावी. रक्तदाबाची रामिप्रिल किंवा एनालाप्रिल ही गोळी सुरू असेल, तर कोरडा खोकला तिचाच असू शकतो. तो कुठल्याच सिरपने जाणार नाही.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हे वाचून नैराश्याची गोळी बंद करू नये. दोन औषधांत एक सोडायचे असेल तर सिरप सोडायचे. पॅरोक्सेटिनसारखी गोळी एकाएकी थांबवली, तर चक्कर, मळमळ, अंगातून वीज गेल्यासारखे झटके येतात आणि मूळ आजार उलटू शकतो. सिरप घेतले आहे आणि थोडी थरथर, अस्वस्थता जाणवते आहे, तर सिरप तिथेच थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करावा. पुढची गोळी घ्यायची की नाही, हेही त्यांनाच विचारावे. ताप चढतो आहे, पाय झटके देत आहेत, माणूस असंबद्ध बोलतो आहे, असे दिसले तर फोनची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

जबाबदारी कुणाची?

रुग्णाने वाचावे, विचारावे, हे खरे. पण बारीक इंग्रजी अक्षरांतील घटकांची यादी वाचून एन्झाइमचा विचार करणे हे रुग्णाचे काम नव्हे. त्यासाठी दुकानात नोंदणीकृत फार्मासिस्ट असावा, असा कायदा आहे. रुग्णाला औषधाची माहिती देणे, सल्ला देणे हे त्याचे कर्तव्य असल्याचे २०१५च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांत नमूद आहे. प्रत्यक्षात अनेक दुकानांत काउंटरवर मदतनीस असतो आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय द्यायचे नाही अशी लाल रेघ असलेली बाटलीही मागताच मिळते. ‘गर्दीत प्रत्येकाला विचारत बसलो तर धंदा कसा करायचा,’ हा दुकानदारांचा युक्तिवाद असतो. त्यात तथ्य आहे. पण ‘कोरडा की ओला?’ हे विचारायला वेळ मिळतोच. त्याला जोडून ‘रोजची गोळी कुठली?’ एवढेच विचारायचे आहे.

डॉक्टरांच्या बाजूनेही एक काम बाकी राहते. नैराश्याची गोळी सुरू करताना ‘दारू घेऊ नका, गाडी जपून चालवा’ हे सांगितले जाते. ‘खोकल्याचे सिरप परस्पर घेऊ नका’ हे वाक्य त्याच चिठ्ठीवर मराठीत लिहायला काय हरकत आहे? आणि औषध नियामकांनी डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेल्या प्रत्येक बाटलीवर, दर्शनी बाजूला, प्रादेशिक भाषेत एक ओळ सक्तीची करावी: नैराश्य, चिंता, पार्किन्सन्स किंवा नसांच्या दुखण्याची गोळी सुरू असल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. अमेरिकेतील वेष्टनांवर मोनोअमाइन ऑक्सिडेज गटाच्या औषधांबाबत असा इशारा असतोच.

सुमनताईंच्या मुलाने मोबाइलमध्ये आईच्या गोळ्यांच्या पाकिटांचा एक फोटो ठेवला असता आणि दुकानदाराने तो मागितला असता, तर हे उदाहरण तिथेच संपले असते. तुमच्या घरात कुणाला ‘टेन्शनची’, ‘झोपेची’ किंवा ‘नसांची’ गोळी सुरू असेल, तर तो फोटो आजच काढून ठेवा आणि कपाटातली अर्धवट उरलेली सिरपची बाटली एकदा उलटी करून वाचा.